टाकीपर्यंत जाणारी तार

नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, तिथून एक एचपीच्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत, अशी व्यवस्था महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आहे. मोटर बंद करायला कोणी विसरले की गच्चीवरून पाणी वाहू लागते आणि शेजारी हाका मारतात. त्यावर उपाय म्हणून टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारी पेटी घरीच बनवायची हौस अलीकडे बरीच दिसते. साहित्य सहज मिळते. पत्र्याचा पॅनेल बॉक्स, एक एमसीबी, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर, १२ व्होल्टचा एसएमपीएस, ईएसपी३२ सारखा छोटा बोर्ड, एक रिले आणि टाकीत सोडायचे दोन फ्लोट स्विच, एवढ्यात काम होते. दोन रविवारांत पेटी तयार होते, पहिल्या झटक्यात चालतेही.

ती चालते, हीच अडचण आहे. अर्थिंगची तार जोडलेली असो वा नसो, २३० व्होल्टच्या आणि १२ व्होल्टच्या तारा एकाच जुडग्यात बांधलेल्या असोत वा वेगळ्या, मोटर तेवढ्याच तत्परतेने सुरू होते आणि तेवढ्याच तत्परतेने बंद होते. पेटीतली चूक कामात दिसत नाही. ती दिसते ती आत काहीतरी सुटल्यावर, आणि तेव्हा फ्लोटच्या तारेचे दुसरे टोक गच्चीवरच्या पाण्यात असते. टाकी धुवायला उतरलेल्या माणसाच्या पायाशी.

म्हणून अशी पेटी बनवताना दोन गोष्टींची उत्तरे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. फेज पत्र्याला लागली तर काय होईल, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर अर्थिंग. फेज १२ व्होल्टच्या बाजूला शिरली तर काय होईल, हा दुसरा. त्याचे उत्तर अंतर आणि आडभिंत. पहिल्याची चर्चा निदान होते तरी. दुसऱ्याकडे बहुतेकांचे लक्षच नसते.

आधी अर्थिंग. एसएमपीएसच्या पत्र्याच्या आवरणाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर त्यातला दिवा मंद पेटतो, ही तक्रार नेहमीची आहे. यात बिघाड काहीच नसतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीपर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत. बॉडी अर्थला जोडलेली नसेल तर ती या दोघांच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर २३०च्या जवळपास निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब उभा राहतो. प्रवाह जेमतेम, एक मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून जीव जात नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण या मुंग्या एक गोष्ट पक्की सांगतात. पेटीला अर्थ नाही, किंवा जी हिरवी तार जोडली आहे ती पुढे कुठेतरी तुटलेली आहे. जुन्या घरांत ती नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असायची. मधला पाइप बदलून पीव्हीसीचा टाकला, तार जागेवरच राहिली आणि अर्थ मात्र गेला.

आता खरा बिघाड घेऊ. समजा कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलमधून फेज निसटली आणि पेटीच्या पत्र्याला टेकली. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे आणि वीज कंपनीच्या रोहित्राच्या अर्थिंगचा २ ओहम. ही बऱ्यापैकी चांगली स्थिती झाली. प्रवाह फेजमधून पत्र्यात, पत्र्यातून खड्ड्यात, जमिनीतून रोहित्राकडे असा फिरेल. तारांचा स्वतःचा किरकोळ रोध सोडून दिला तर २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर. पेटीत १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी असेल तर हा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या जेमतेम दुप्पट झाला. असा एमसीबी क्षणात पडण्यासाठी पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. त्याहून कमी प्रवाहावर तो आतली पट्टी तापण्याची वाट बघतो, आणि दुपटीवर ही वाट मिनिटभर किंवा त्याहूनही लांबू शकते. तोवर पेटीच्या पत्र्यावर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. अर्थिंग जोडलेले आहे, एमसीबी चांगल्या प्रतीचा आहे, आणि तरीही दारावर हात ठेवणाऱ्याला जीवघेणा शॉक बसू शकतो.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की आरसीसीबी कशासाठी लागतो ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की तोडतो, तेही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. फरक मोठा असेल तर त्याहून पुष्कळ लवकर. त्याला ३३ अँपिअरची गरजच नसते. खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून त्याचा रोध ५ चा ५० झाला, तरी तो पडतो. तेव्हा घरच्या पेटीत एमसीबी तारेसाठी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसासाठी, असे दोघेही हवेत. घराच्या मुख्य बोर्डात तो आधीच असेल आणि मोटरची लाइन त्यातूनच येत असेल तर वेगळा लागत नाही. पण ही लाइन पुष्कळदा मीटरजवळून थेट काढलेली असते, ते बघून घ्यावे.

काही ठिकाणी एक धोकादायक पळवाट सर्रास दिसते. अर्थची तार आलेलीच नाही म्हणून पेटीतच न्यूट्रल आणि अर्थचे टर्मिनल तुकड्याने जोडून टाकायचे. झिणझिण्या थांबतात, टेस्टर विझतो, सगळे खूश. पण खांबापासून पेटीपर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला, तर चालू उपकरणांमधून परत येणारी फेज थेट पेटीच्या पत्र्यावर येते, आणि तीही कोणताही बिघाड नसताना. आरसीसीबीच्या पुढे असा तुकडा टाकला तर तो वारंवार पडतो. मग वैतागून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. अर्थ नसेल तर तो आणणे, नवा खड्डा करणे, एवढाच मार्ग आहे, आणि ते परवानाधारक तारतंत्रीचे काम आहे.

पेटीच्या आत अर्थिंग जोडताना मात्र हौशी माणसाचाच हात लागतो, आणि तिथे रंग हा मोठा शत्रू ठरतो. पॅनेल बॉक्सवरचा पावडर कोटिंगचा थर उत्तम इन्सुलेटर असतो. त्यावर नुसता नट-बोल्ट आवळला तर तार कदाचित फक्त रंगाला जोडली जाते. म्हणून मागच्या पत्र्यात अर्थसाठी एक स्वतंत्र एम६ स्टड घ्यावा, त्याच्या भोवतीचा रंग कानशीने चकचकीत होईपर्यंत खरवडावा, मग दातेरी वॉशर, त्यावर तारेचा क्रिंप केलेला रिंग लग, पुन्हा वॉशर आणि नट. हा स्टड दुसरे काही धरून ठेवण्यासाठी वापरू नये. पेटी भिंतीवर टांगणाऱ्या बोल्टलाच अर्थ जोडला, तर पुढे कधीतरी पेटी हलवताना तो बोल्ट ढिला होतो आणि अर्थही जातो.

या स्टडवरून वेगवेगळ्या तारा निघतात: आतल्या माउंटिंग प्लेटला, एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलला, मोटरच्या बॉडीकडे आणि दाराला. दाराची तार सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. बिजागरी लोखंडाची आहे, मग दार आपोआप जोडलेच की, असा समज असतो. बिजागरीत रंग, ग्रीस आणि गंज साचतो, आणि दारावर तर २३० व्होल्टचा इंडिकेटर दिवा आणि पुश बटन बसवलेले असते. त्यामुळे दाराला स्वतःची लवचीक, हिरवी-पिवळी तार हवी, आणि दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतकी लांब. लांबीचा आणखी एक नियम जुने पॅनेलवाले काटेकोर पाळतात. आत येणाऱ्या केबलमधली अर्थची तार फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवायची. केबल चुकून ओढली गेली तर फेज आधी सुटते, अर्थ सर्वांत शेवटी. जाडी फेजच्या तारेइतकीच. मोटरला ‘अडीच एमएम’ची वायर असेल तर अर्थही अडीचचीच.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे आडभिंतीचा.

फ्लोटच्या १२ व्होल्टच्या तारेला हात लावला तर काहीच होत नाही, हे खरे. पण ते एका अटीवर खरे आहे. या १२ व्होल्टचा २३० व्होल्टशी कुठेही, कसलाही थेट संबंध नसावा. ही अट पहिल्यांदा मोडते ती वीजपुरवठ्यातच. बाजारात काही स्वस्त बोर्ड ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात. त्यात एका कपॅसिटरने दाब उतरवून १२ किंवा ५ व्होल्ट बनवलेले असतात. मीटर लावला तर दोन टोकांत बरोबर ५ व्होल्ट दिसतात, पण ते दोन्ही टोक जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर असू शकतात. काही तयार वाय-फाय स्विचचे आतले बोर्डही असेच असतात. भिंतीतल्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत ते चालतात, कारण त्यांच्या आतल्या तारेला कोणी हात लावणार नसतो. त्यातून एक तार काढून टाकीत सोडली की मामला पार बदलतो. ओळखायचे कसे? २३० व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर दिसला पाहिजे, आणि बोर्डाच्या मागे त्याच्या खाली तांब्याच्या रेषा नसलेला एक रुंद मोकळा पट्टा दिसला पाहिजे. एखादा कपॅसिटर किंवा ऑप्टोकपलर एवढाच तो पट्टा ओलांडतो. पट्टा नसेल तर बोर्ड टाकीच्या कामाचा नाही.

दुसरी फसगत छोट्या निळ्या रिलेची. हौशी कामात वापरले जाणारे रिले मोड्यूल म्हणजे त्या निळ्या ठोकळ्याची पट्टी. त्यावर ऑप्टोकपलर आहे, म्हणजे आयसोलेशन झाले, असे म्हटले जाते. ऑप्टोकपलर असतो तो ईएसपी३२ आणि रिलेची कॉइल यांच्यामध्ये. २३० व्होल्ट आणि कॉइल यांच्यातले अंतर ठरते ते रिलेच्या पोटात आणि त्याच्या पायांमध्ये. पाय बघितले तर गोम कळते. त्या ठोकळ्याच्या एका टोकाला तीन पाय असतात, दोन कॉइलचे आणि त्यांच्यामध्ये कॉमनचा. म्हणजे ज्या पायावर फेज येते तोच पाय कॉइलच्या दोन पायांच्या मधोमध उभा. स्वस्त बोर्डावर सोल्डर थोडे पसरले की हे अंतर दोन-तीन मिलिमीटरवर येते, त्यावर धूळ आणि पावसाळ्यातली ओल. २३० व्होल्टपासून माणसाच्या हाताशी येणारे सर्किट वेगळे ठेवायचे असेल तर धूळ-ओलीच्या जागी पृष्ठभागावरून ८ मिलिमीटर अंतर धरून चालावे. इथे ते भरत नाही.

यातून सुटायचा मार्ग सोपा आहे. २३० व्होल्ट त्या बोर्डावर न्यायचेच नाहीत. ईएसपी३२च्या मोड्यूलने फक्त १२ व्होल्ट चालू-बंद करायचे, आणि ते १२ व्होल्ट जातील डीन रेलवर सॉकेटमध्ये बसणाऱ्या इंटरफेस रिलेच्या कॉइलला. त्याचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल ओढेल, आणि कॉन्टॅक्टर मोटर. एक पायरी वाढली, पण आता दोन्ही दाबांची गाठ पेटीत फक्त दोनच ठिकाणी पडते, एसएमपीएसमध्ये आणि इंटरफेस रिलेमध्ये. सीमेवर दोनच नाकी.

आणि मग पेटीची मांडणी त्या नाक्यांभोवती बेतता येते. समजा पेटी ४०० मिलिमीटर उंच आणि ३०० रुंद आहे. आत तीन डीन रेल आडव्या. खालच्या रेलवर एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर आणि मोटरचा ओव्हरलोड रिले. मधल्या रेलवर डीन रेलवर बसणारा एसएमपीएस आणि इंटरफेस रिले. वरच्या रेलवर ईएसपी३२ आणि फ्लोटच्या तारांची टर्मिनले. डीन रेलच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टची टर्मिनले एका कडेला आणि १२ व्होल्टची समोरच्या कडेला असतात. इंटरफेस रिलेचे सॉकेट घेतानाही कॉइल एका बाजूला आणि कॉन्टॅक्ट दुसऱ्या बाजूला असलेलेच बघून घ्यावे, कारण सगळेच तसे नसतात. दोन्हींची २३० व्होल्टची बाजू खाली, १२ व्होल्टची वर. मधल्या रेलच्या पातळीवर, या दोन वस्तूंना खाच सोडून, बेकेलाइटची तीन मिलिमीटर जाडीची शीट फळीसारखी आडवी बसवली की पेटीचे दोन मजले होतात. मोटरची आणि सप्लायची केबल खालून ग्लँडमधून आत येते. फ्लोटची केबल वरच्या मजल्यावर बाजूच्या ग्लँडमधून, बाहेर एक खालचा झोल ठेवून, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत येत नाही. कुठलीही तार मजला बदलत नाही. दारावरच्या दिव्याची तारसुद्धा खालच्या मजल्यातूनच दाराकडे जाते.

जाळीचा एसएमपीएस, ज्यात सगळी टर्मिनले एकाच रांगेत असतात, तोही चालतो, पण रांगेतून बाहेर पडताच १२ व्होल्टच्या तारा विरुद्ध दिशेला वळवाव्या लागतात आणि त्या तिथेच टायने बांधाव्या लागतात. नाजूक काम आहे. नवख्याने टाळलेले बरे.

या मांडणीत एक उणीव राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. वरच्या मजल्यावरून निसटलेला स्क्रू किंवा तारेचा तुकडा खाली, २३० व्होल्टवर पडतो. फळी असल्याने तो अडतो, पण खाचांच्या कडेने नाही. म्हणून तारेच्या टोकाला फेरूल क्रिंप करायचे, म्हणजे सुटे केस उरत नाहीत, आणि प्रत्येक टर्मिनलपासून बोटभर अंतरावर दोन-दोन तारा एकत्र टाय करायच्या. एक तार सुटली तरी शेजारणीला धरून जागच्या जागी राहते. पॅनेल तपासणारे जाणते लोक हाच खेळ खेळतात. प्रत्येक स्क्रूवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, ही तार आत्ता सुटली तर तिचे टोक कुठवर पोहोचेल? उत्तर ‘१२ व्होल्टच्या टर्मिनलपर्यंत’ असे आले तर तार आखूड करायची किंवा बांधायची. दोन दाबांच्या तारांची एके ठिकाणी गाठ पडणे टळतच नसेल, तर नियम असा आहे की १२ व्होल्टच्या तारेचे इन्सुलेशनही २३० व्होल्ट पेलणारे हवे. ब्रेडबोर्डच्या रंगीत जंपर तारा त्यात बसत नाहीत.

एका प्रश्नावर जाणकारांतही मतभेद असतात. १२ व्होल्टची निगेटिव्ह अर्थला जोडावी की मोकळी ठेवावी? मोकळी ठेवली तर त्या सर्किटला एसईएलव्ही म्हणतात, एका जागी अर्थला जोडली तर पीईएलव्ही. मोकळ्या सर्किटमध्ये आत कुठे फेज शिरली तर काहीच घडत नाही. आरसीसीबी पडत नाही, मोटर चालत राहते, आणि फ्लोटची तार २३० व्होल्टवर चढून गप्प बसते, कोणी ओल्या हाताने तिला धरेपर्यंत. जोडलेल्या सर्किटमध्ये तीच फेज निगेटिव्हमधून अर्थकडे धावते आणि आरसीसीबी त्याच क्षणी तोडतो. मग जोडावीच, असे वाटेल. पण घराचा अर्थच खराब असेल तर गीझरमधला बिघाड अर्थच्या तारेवर दाब चढवतो, आणि तो दाब निगेटिव्हमार्गे गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोहोचतो. म्हणजे निवड अर्थिंगच्या खात्रीवर अवलंबून आहे. अर्थ मोजून घेतलेला आहे आणि आरसीसीबी बसवला आहे, अशा घरात निगेटिव्ह एकाच जागी, त्या एम६ स्टडवर जोडणे अधिक शहाणपणाचे. अर्थ मोजलेला नाही तिथे निगेटिव्ह मोकळी ठेवावी की जोडावी, ही चर्चा करण्याआधी खड्डा मोजून घ्यावा.

वीज जोडण्यापूर्वीची तपासणी तासाभराची. मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांना लावून स्वतःच्या वायरींचा रोध बघायचा आणि पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करायचा. मग एक टोक सप्लायच्या अर्थ टर्मिनलवर ठेवून दुसरे दार, माउंटिंग प्लेट, एसएमपीएसची बॉडी, मोटरची बॉडी यांवर, रंग नसलेल्या जागी. पेटीच्या आत ०.१ ओहमच्या आसपास किंवा कमी यावे. मात्र मल्टिमीटरचा प्रवाह इतका बारीक असतो की तारेचा एकच केस शिल्लक असला तरी तो ‘जोडलेले आहे’ म्हणूनच सांगतो. म्हणून प्रत्येक लग हाताने ओढून बघायचा. त्यानंतर ईएसपी३२ बाजूला काढून, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून, ते आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. निगेटिव्ह अर्थला जोडली असेल तर ती जोड तेवढ्यापुरती सोडायची. किमान १ मेगाओहम हवा, पण कोरड्या नव्या पेटीत आकडा त्याहून कितीतरी पट वर असतो. १ च्या जवळ घुटमळत असेल तर कुठेतरी ओल, फ्लक्स किंवा चिरडलेली तार आहे.

वीज आल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटन सगळेच दाबतात आणि तो पडला की अर्थिंग ठीक आहे असे समजतात. ते बटन अर्थ तपासत नाही. ते आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्येच थोडा प्रवाह वळवते. अर्थची तार मुळात नसली तरी आरसीसीबी खाडकन पडतो. खड्ड्याचा रोध वेगळ्या मीटरनेच मोजावा लागतो, आणि तो मोजायचा असेल तर मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना.